सव्वातीनचे साडेसात अंश

माझी भाची आठवीत आहे आणि सध्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते आहे. परवा तिच्या सराव-पुस्तकात एक प्रश्न होता : सव्वातीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमध्ये किती अंशांचा कोन असतो? तिने उत्तर लिहिले होते शून्य. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर साडेसात होते.

"मामा, पुस्तकात चुकीचं छापलंय," ती म्हणाली. "तीन वाजलेत म्हणजे छोटा काटा तीनवर. पंधरा मिनिटं झालीत म्हणजे मोठा काटाही तीनवर. मग मध्ये कोन येणार कुठून?"

मी भिंतीवरचे घड्याळ खाली काढले. मागची चकती फिरवून बरोबर तीन वाजवले आणि चकती तिच्या हातात दिली. मोठा काटा तीनच्या आकड्यावर येईपर्यंत तिने ती हळूहळू फिरवली आणि मग थांबून छोट्या काट्याकडे पाहत राहिली. तो तीनवर नव्हताच. तीन आणि चार यांच्यामधल्या अंतराचा साधारण चौथा हिस्सा चालून तो पुढे गेला होता.

काट्यांच्या कोनाची बहुतेक गणिते चुकतात ती इथेच. मिनिटकाटा फिरतो हे सगळ्यांना दिसते. तासकाटाही त्याच वेळी फिरत असतो हे माहीत असूनही गणित करताना विसरले जाते, कारण तो फिरताना कोणी पाहिलेला नसतो. पण तीनला तीनवर असलेला काटा चारला चारवर पोचतो. मधला सगळा तास तो चालतच असतो.

किती चालतो ते काढू. घड्याळाची तबकडी म्हणजे पूर्ण वर्तुळ, ३६० अंशांचे. त्यावर बारा आकडे समान अंतरावर, म्हणून एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत ३० अंश. तासकाटा हे ३० अंश ६० मिनिटांत कापतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. मिनिटकाटा त्याच ६० मिनिटांत अख्खी फेरी मारतो, ३६० अंश, म्हणजे मिनिटाला सहा अंश. अर्धा आणि सहा हे दोन वेग हाताशी असले की पुढचे सारे यांतूनच निघते.

आता सव्वातीन. दोन्ही काटे बारापासून किती अंश पुढे गेले ते वेगवेगळे मोजायचे. मिनिटकाटा पंधरा मिनिटे चालला, सहाच्या वेगाने, म्हणून ९० अंशांवर. तासकाटा तीनला ९० अंशांवर होता. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत अर्ध्याच्या वेगाने तो साडेसात अंश पुढे सरकला, म्हणून आता साडेसत्त्याण्णव अंशांवर आहे. दोन्हींतला फरक साडेसात. पुस्तक बरोबर होते.

साडेसात अंश म्हणजे नजरेला न दिसण्याइतकी बारीक गोष्ट नाही. तबकडीच्या कडेला मिनिटांच्या ज्या बारीक रेघा असतात, त्यांतल्या लगतच्या दोन रेघांमध्ये सहा अंश असतात. सव्वातीनला काट्यांमध्ये एका रेघेपेक्षा जास्त फट असते. आपण ती रोज पाहतो, पण मनातल्या चित्रात काटे एकावर एक ठेवतो.

तासकाटा स्थिर का राहू शकत नाही, हे घड्याळ उघडले की कळते. त्याला वेगळे इंजिन नसते. तबकडीच्या खाली मिनिटकाट्याच्या नळीवर एक छोटे दातेरी चाक असते, त्याला घड्याळ दुरुस्त करणारे कॅनन पिनियन म्हणतात. ते शेजारच्या एका मोठ्या चाकाला फिरवते. त्या मोठ्या चाकाच्या अंगालाच आणखी एक छोटे चाक जोडलेले असते आणि ते तासकाट्याच्या चाकाला फिरवते. दात्यांची संख्या अशी ठेवलेली असते की पहिल्या जोडीत वेग तिसऱ्या हिश्शावर यावा आणि दुसऱ्या जोडीत चौथ्या हिश्शावर. समजा पहिल्या जोडीत १० आणि ३० दाते आहेत, दुसरीत ८ आणि ३२. तिसऱ्याचा चौथा, म्हणजे बारावा हिस्सा. सहा अंशांचा बारावा हिस्सा बरोबर अर्धा अंश. भाचीने मागची चकती फिरवली तेव्हा तिने मिनिटकाटाच फिरवला होता. तासकाटा दात्यांना दाते अडकवून मागून ओढला गेला. मिनिटकाटा हलला आणि तासकाटा हलला नाही असे व्हायचे तर मध्ये काहीतरी मोडलेले असायला हवे.

मराठीत वेळ सांगण्याची जी पद्धत आहे, तिचा या गणितात फायदाही होतो आणि एका ठिकाणी फसगतही. फायदा असा, की सव्वा, साडे आणि पावणे यांच्यात तासाचा अपूर्णांक नावातच आलेला असतो. सव्वातीन म्हणजे सव्वातीन तास, आणि तासाला ३० अंश, म्हणून तासकाटा सव्वातीन गुणिले तीस, म्हणजे साडेसत्त्याण्णववर. मिनिटांचा वेगळा हिशेबच नको. दीड वाजता तासकाटा दीड गुणिले तीस, ४५ अंशांवर, मिनिटकाटा खाली १८० वर, कोन १३५. अडीचला तासकाटा ७५ वर, कोन १०५. हे तोंडी होते.

फसगत होते ती पावणेमध्ये. पावणेदोन म्हटले की कानात दोन शिरते आणि मुले तासकाटा दोनजवळ, म्हणजे ६० अंशांवर धरून त्यात पंचेचाळीस मिनिटांचे साडेबावीस अंश मिळवतात. उत्तर साडेब्याऐंशी येते आणि काटा दोनच्या पुढे, जवळजवळ तीनला टेकतो. पावणेदोन वाजता काटा दोनपर्यंत पोचलेलाच नसतो. इथे दोन मार्ग आहेत. एक, १ वाजून ४५ मिनिटे असे मनात म्हणून ३० मध्ये साडेबावीस मिळवायचे. दुसरा, दोनचे ६० घेऊन त्यातून राहिलेल्या पंधरा मिनिटांचे साडेसात वजा करायचे. दोन्ही मार्गांनी साडेबावन्नच येतात. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण पावणेदोन हा शब्द स्वतः तेच सांगतो, दोनला पाव कमी. मिनिटकाटा २७० वर, म्हणून दोघांत दोनशे साडेसतरा.

पण २१७.५ हा परीक्षेतला कोन नव्हे. वर्तुळावरच्या दोन काट्यांमध्ये नेहमी दोन कोन असतात, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने, आणि त्यांची बेरीज ३६०. काट्यांमधला कोन म्हटले की लहान असेल तो घ्यायचा. फरक १८० पेक्षा मोठा आला, तर ३६० मधून वजा करायचा. पावणेदोनचे उत्तर म्हणून १४२.५ अंश.

घड्याळांच्या दुकानातल्या आणि जाहिरातींतल्या घड्याळांत बहुधा दहा वाजून दहाच्या आसपासची वेळ लावलेली असते. काटे दोन्ही बाजूंना वर उचललेले आणि मधल्या जागेत कंपनीचे नाव. त्या वेळेचा कोन काढू. तासकाटा ३०० वर होता, दहा मिनिटांत पाच अंश सरकून ३०५. मिनिटकाटा ६०. फरक २४५, लहान कोन ११५. इथे नजरेतून सुटणारी एक गोष्ट सापडते. तासकाटा बाराच्या डावीकडे ५५ अंशांवर आहे आणि मिनिटकाटा उजवीकडे ६० अंशांवर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. त्या तंतोतंत सारख्या व्हायच्या तर वेळ थोडी अलीकडची हवी. मिनिटकाटा बारापासून जेवढा पुढे, तेवढाच तासकाटा बाराच्या मागे असला पाहिजे. दहाला तासकाट्याला बारापर्यंत ६० अंश उरलेले असतात. त्यातले मिनिटाला अर्धा अंश तो स्वतः कापतो आणि मिनिटकाट्याची बाजू मिनिटाला सहाने वाढते, म्हणून ६० भागिले साडेसहा. उत्तर सव्वानऊ मिनिटांच्या किंचित अलीकडचे, म्हणजे १० वाजून ९ मिनिटे आणि सुमारे १४ सेकंद. यापुढे घड्याळाची जाहिरात दिसली तर मिनिटकाटा दहाव्या रेघेच्या अलीकडे आहे का ते पाहा.

दहा वाजून दहाचे घड्याळ आरशात पाहिले तर काय दिसेल? तासकाटा बाराच्या उजवीकडे ५५ वर, मिनिटकाटा डावीकडे ६० वर, म्हणजे ३०० अंशांवर. मिनिटकाटा ३०० अंशांवर म्हणजे पन्नास मिनिटे, आणि तासकाटा ५५ वर म्हणजे दोनला पाच अंश कमी. दोनला दहा कमी! आरशातली वेळही खरीखुरी वेळ निघाली आणि तिचाही कोन ११५ च. म्हणून नुसता कोन सांगून वेळ ओळखता येत नाही. दर वेळेला आरशातली एक जोडीदार वेळ असते. या जोडीदाराकडे आपण शेवटी परत येऊ.

आतापर्यंत काटे थांबवून कोन मोजले. खरी मजा दोन्ही चालू असताना आहे. भाचीला वाटत होते तसे काटे तीन आणि चारच्या दरम्यान एकावर एक येतात हे खरेच आहे. फक्त सव्वातीनला येत नाहीत. मग कधी?

ही पाठलागाची गोष्ट आहे. तीनला मिनिटकाटा बारावर आहे आणि तासकाटा त्याच्या ९० अंश पुढे. मिनिटकाटा मिनिटाला सहा अंश धावतो, पण ज्याला गाठायचे तोही अर्धा अंश पुढे जातो. म्हणून मधले अंतर मिनिटाला साडेपाच अंशांनी कमी होते. हा साडेपाचचा आकडा या विषयाचा गाभा आहे. नव्वद भागिले साडेपाच केले की १६ मिनिटे आणि वर चार अकरांश मिनिट, म्हणजे सुमारे २२ सेकंद. तीन वाजून सोळा मिनिटे आणि बावीस सेकंदांनी मोठा काटा छोट्याला झाकतो. आपल्या आधीच्या उत्तराशी हे ताडून पाहू. सव्वातीनला साडेसात अंश उरले होते. साडेपाचच्या वेगाने ते भरायला एक मिनिट आणि बावीस सेकंद लागतात. जुळले.

एकदा गाठ पडल्यावर पुन्हा गाठ पडायची तर मिनिटकाट्याला तासकाट्यापेक्षा एक अख्खी फेरी जास्त मारावी लागते. ३६० भागिले साडेपाच, म्हणजे ६५ मिनिटे आणि सुमारे २७ सेकंद. दर तासाला एक गाठ नाही, तासाहून साडेपाच मिनिटे जास्त. बाराला गाठ, मग १ वाजून ५ मिनिटे २७ सेकंद, २ वाजून १० मिनिटे ५५ सेकंद, ३ वाजून १६ मिनिटे २२ सेकंद, असे करत ती दर वेळी मागे पडत जाते. दहाच्या तासातली गाठ १० वाजून ५४ मिनिटे ३३ सेकंदांनी पडते आणि पुढची थेट बाराला. अकरा ते बारा या तासात एकही नाही. म्हणून बारा तासांत काटे बारा वेळा नव्हे, अकरा वेळा एकावर एक येतात, दिवसभरात बावीस वेळा. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी हेच येते. बारा तासांत मिनिटकाटा बारा फेऱ्या मारतो, तासकाटा एक, आणि बारातून एक गेला की अकरा.

काटकोनांचेही तसेच. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत मधला कोन दोनदा ९० होतो, एकदा पुढे जाताना आणि एकदा परत जवळ येताना. अकरा फेऱ्यांत बावीस वेळा. दर तासाला दोन असे मोजून चोवीस म्हणणारा तीन आणि नऊ वाजताचे काटकोन दोनदा मोजतो, आधीच्या तासातही आणि नंतरच्या तासातही.

हे साडेपाचचे गणित आपल्या घरात घड्याळाच्या शेजारीच आणखी एका जागी टांगलेले असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी हा असाच दोन काट्यांमधला कोन आहे. चंद्र आकाशात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिवसाला सरासरी १३ अंशांहून थोडे जास्त सरकतो, सूर्य दिवसाला जेमतेम एक. चंद्र हा मिनिटकाटा, सूर्य हा तासकाटा. दोघे एका जागी आले की अमावास्या. तिथून मधला कोन वाढू लागतो आणि तो बारा-बारा अंशांनी वाढला की एकेक तिथी पूर्ण होते. १८० अंश झाले की पौर्णिमा. दिवसाला कोन सरासरी १२.१९ अंशांनी वाढतो, म्हणून एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत ३६० भागिले १२.१९, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस दिवस. चंद्राला आकाशाची एक फेरी पुरी करायला २७.३ दिवसच लागतात, पण तोवर सूर्य पुढे सरकलेला असतो आणि त्याला गाठायला आणखी दोनेक दिवस जातात. ६० मिनिटांची फेरी आणि ६५ मिनिटांची गाठ, हाच तो प्रकार. फरक एवढाच, की घड्याळातले काटे ठरल्या वेगाने चालतात आणि चंद्र कधी जोरात, कधी सावकाश. त्यामुळे तिथी कधी लहान, कधी मोठी होते, आणि लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली की तिचा क्षय झाला असे पंचांग म्हणते.

घड्याळाकडे परत येऊ. कोनाचे हे गणित हाताशी असले तर घरातले घड्याळ तपासता येते. चालू असूनही बिघडलेले घड्याळ मी अनेक घरांत पाहिले आहे. मिनिटे बरोबर दाखवते, सेल नवा आहे, मागे-पुढे पडत नाही, पण काही वेळांना पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो की साडेतीन झाले की साडेचार. घड्याळ पडले, किंवा साफ करताना काटा ओढला गेला, की असे होते. तासकाटा बहुधा नळीवर नुसता दाबून बसवलेला असतो. धक्क्याने तो नळीवर थोडा फिरतो आणि तिथेच राहतो. त्यानंतर तो मिनिटाला अर्धा अंशच चालतो, फक्त चुकीच्या जागेवरून.

असे झाले आहे का, हे पाहायला तीन ते चारमधली गाठ कामाला येते. समजा घड्याळात मोठा काटा छोट्याला झाकतो तेव्हा ३ वाजून १८ मिनिटे झालेली आहेत. झाकायला हवे होते १६ मिनिटे २२ सेकंदांनी. गाठ १ मिनिट ३८ सेकंद उशिरा पडली. साडेपाचच्या वेगाने तेवढ्या वेळात ९ अंश होतात, म्हणजे तासकाटा ९ अंश पुढे सरकून बसला आहे. पडताळा दोन ठिकाणी मिळतो. बरोबर तीन वाजता तासकाटा तीनच्या आकड्यावर न दिसता पुढच्या आकड्याच्या वाटेवर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला दिसेल. आणि सहा वाजता, जेव्हा दोन्ही काटे एका सरळ उभ्या रेषेत हवेत, तेव्हा मधला कोन १८० ऐवजी १७१ होऊन रेषा मोडलेली दिसेल. सहाची ही मोडलेली रेषा डोळ्याला चटकन कळते, म्हणून मी पहिल्यांदा तीच पाहतो. तासकाट्याचा एक अंश म्हणजे दोन मिनिटे, म्हणून ९ अंशांच्या चुकीने तो एकटाच अठरा मिनिटे पुढे आहे. इलाज असा की मिनिटकाटा बारावर आणायचा, तासकाटा अलगद वर खेचून काढायचा आणि पुन्हा बरोबर बारावर, मिनिटकाट्याखाली, सपाट दाबून बसवायचा. मिनिटकाटा वरच्या बाजूला असतो, म्हणून आधी तो काढावा लागतो आणि शेवटी पुन्हा बारावरच बसवावा लागतो. नंतर हाताने अख्खे बारा तास फिरवून काटे एकमेकांना घासत नाहीत ना, ते पाहायचे.

या तपासणीला मर्यादा आहे. दातेरी चाकांत थोडी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर ती फिरणार नाहीत. स्वस्त घड्याळात बोटाने हलवले तर तासकाटा एक-दोन अंश इकडे-तिकडे हलतो. शिवाय काटे तबकडीपासून वर असतात, म्हणून बाजूने पाहिले की जागा चुकते. गाठ पडल्याची वेळ सेकंदापर्यंत वाचण्याचा अट्टाहास नको. समोर उभे राहून अर्ध्या मिनिटाच्या आत वाचता आली तरी चूक तीनएक अंशांच्या आत कळते.

काही घड्याळांत तर काटे अखंड चालतही नाहीत. स्वित्झर्लंडच्या रेल्वेस्थानकांवरचे हान्स हिल्फिकर यांनी १९४४ साली आखलेले घड्याळ प्रसिद्ध आहे. त्यात मिनिटकाटा मिनिटभर एका रेघेवर उभा राहतो आणि मिनिट पुरे झाले की एक उडी मारतो. त्याला जोडलेला तासकाटाही प्रत्येक उडीला अर्धा अंश सरकतो. अशा घड्याळात बारा तासांत काट्यांच्या फक्त ७२० जागा होतात, मिनिटाला एक. सोळा मिनिटे बावीस सेकंदांची गाठ त्यात कधी येतच नाही. ३:१६ ला मोठा काटा दोन अंश मागे असतो आणि ३:१७ ला साडेतीन अंश पुढे गेलेला असतो. नेमकी गाठ फक्त बाराला. नेमकी सरळ रेषा फक्त सहाला. नेमका काटकोन तीनला आणि नऊला, एवढेच. बाकीच्या गाठी दोन उड्यांच्या मध्ये निसटतात.

मग गाठ नसताना सगळ्यात जवळ काटे कधी येतात? मी ती वेळ शोधून काढली : २ वाजून ११ मिनिटे. तासकाटा ६० अधिक साडेपाच, साडेपासष्टवर. मिनिटकाटा ६६ वर. मिनिटकाटा फक्त अर्धा अंश पुढे. (आरशातला जोडीदार ९ वाजून ४९ मिनिटे, तिथे तो अर्धा अंश मागे.)

या २:११ मध्ये एक किल्ली दडलेली आहे. बारापासून २:११ पर्यंत १३१ मिनिटे होतात. तेवढ्या वेळात मिनिटकाटा तासकाट्यापेक्षा १३१ गुणिले साडेपाच, म्हणजे ७२०.५ अंश जास्त चालतो. दोन पूर्ण फेऱ्या आणि वर अर्धा अंश. म्हणजे कुठल्याही वेळेपासून १३१ मिनिटे थांबले की काट्यांमधले अंतर बरोबर अर्ध्या अंशाने वाढलेले असते. असे ७२० वेळा केले की अर्ध्या-अर्ध्या अंशाने वर्तुळातली सगळी अंतरे एकेकदा येऊन जातात. एकही सुटत नाही, एकही दुसऱ्यांदा येत नाही. याचाच अर्थ असा, की मिनिटकाटा तासकाट्याच्या किती अंश पुढे आहे, तेही घड्याळाच्या दिशेने मोजून, एवढे कोणी सांगितले तर पूर्ण मिनिटांची वेळ एकच निघते.

भाचीला मी घड्याळाकडे पाठ करून बसवले, काटे फिरवून एक वेळ लावली आणि सांगितले, "मोठा काटा छोट्याच्या ११५ अंश पुढे आहे." तिने कागदावर मांडले. ११५ म्हणजे २३० अर्धे अंश. २३० गुणिले १३१, ३०१३०. त्यातून ७२० च्या पटी काढल्या, कारण दर बारा तासांनी घड्याळ पुन्हा तेच दाखवते. ७२० गुणिले ४१ म्हणजे २९५२०. उरले ६१०. सहाशे दहा मिनिटे म्हणजे दहा तास आणि वर दहा.

"दहा वाजून दहा," ती म्हणाली, आणि लगेच विचारले, "आणि ११५ मागे असता तर?"

मागे ११५ म्हणजे पुढे २४५, म्हणजे ४९० अर्धे अंश. ४९० गुणिले १३१ होतात ६४१९०, त्यातून ७२० च्या ८९ पटी, म्हणजे ६४०८० गेले की उरतात ११०. एक तास पन्नास मिनिटे. वही मिटायच्या आधी तिने ती वेळ घड्याळात लावली आणि घड्याळ कपाटाच्या आरशासमोर धरले.